खाली नाव नसलेला अर्ज

तो अर्ज तीन आठवडे माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता, आणि मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा मी "असा कुठलाही अर्ज आला नाही" असं सांगितलं. ही माझी चूक. खरं तर तिला चूक म्हणणंही थोडं सोयीचंच आहे, कारण चूक नकळत होते. मी हे जाणूनबुजून केलं होतं.

मी सुरतेतल्या एका मराठी शाळेत भाषा शिकवतो. आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं खानदेशातून आलेल्या घरांतली, लूमवर आणि डाइंग मिलमध्ये काम करणाऱ्यांची. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि वर्गात माझी पुस्तकातली मराठी. मीही तशाच घरातला. पुस्तकातली मराठी मला मेहनतीनं शिकावी लागली, म्हणून ती शिकवताना मी जरा जास्तच कडक होत असे.

माझं नाव होतं ते पत्रलेखनासाठी. "सरांच्या हाताखालचा मुलगा पत्राचे गुण सोडत नाही," असं पालकही म्हणायचे. रजेचा अर्ज हा तर माझा हातखंडा. दिनांक, प्रति, विषय, महोदय, मजकूर, आपला आज्ञाधारक, नाव. या सगळ्यांची पहिली अक्षरं जोडून मी एक शब्द केला होता, 'दिप्रविममआना', आणि आठवीचा वर्ग तो पाढ्यासारखा म्हणायचा. शेवटचा 'ना' आला की मी हात वर करायचो आणि सगळा वर्ग ओरडायचा, "अ, ब, क!" म्हणजे नावाच्या जागी स्वतःचं नाव लिहायचं नाही. परीक्षेत उत्तरपत्रिकेवर ओळख पटेल असं काही लिहिणं चालत नाही. प्रश्नात नाव दिलं असेल तर ते लिहायचं, नाहीतर अ. ब. क. गेली कित्येक वर्षं मी हेच शिकवत आलो. माझ्या नोट्सचा गठ्ठा शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे कायम ठेवलेला असायचा.

मग जूनमध्ये नव्या मॅडम आल्या.

अमळनेरकडच्या, तिशीच्या आतल्या. त्यांना नववीचं मराठी दिलं आणि वर्गशिक्षिकाही केलं. नववी आजवर माझी होती. मोठे सर, आम्ही मुख्याध्यापकांना मोठे सरच म्हणतो, मला म्हणाले, "तुमच्यावर परीक्षा विभागाचं ओझं आहेच की. जरा हलकं होईल." मी "हो हो, बरं झालं" म्हणालो. त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.

नव्या मॅडमनी पहिल्याच महिन्यात साडीचा एक रिकामा खोका आणला, वर मार्बल पेपर लावला, फट कापली आणि ऑफिसच्या बाहेर ठेवला. अर्जपेटी. त्यांचं म्हणणं असं की मुलं रजेचा अर्ज फक्त परीक्षेत लिहितात, खरी रजा लागली की मात्र मित्राकडून निरोप पाठवतात. तर आता ज्याला खरंच रजा हवी त्यानं खरा अर्ज लिहायचा, पेटीत टाकायचा, आणि मोठ्या सरांनी त्यावर उत्तर द्यायचं.

मला वाटलं, आठवडाभर टिकेल. पण मोठे सर हिरव्या शाईचं पेन घेऊन बसायला लागले. एका मुलानं लिहिलं, 'माझ्या वडिलांची कारखान्यात सुट्टी गुरुवारी असते आणि माझी रविवारी. आम्ही एकमेकांना फक्त झोपलेले पाहतो. तरी मला एका गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा मिळावी.' मोठ्या सरांनी खाली लिहिलं, 'मंजूर. दोघांनी मिळून तापीकाठी जाऊन यावे.' तो अर्ज त्यांनी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. गणिताच्या बाईंनी डोळे पुसले. मी म्हणालो, "'तापीकाठी' ठीक आहे, पण विषय लिहिलेला नाही त्यानं."

नव्या मॅडम हसून म्हणाल्या, "हो सर, ते राहिलंच. सांगते त्याला."

त्यांनी उलट उत्तर दिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्या कधी उलट बोलल्या नाहीत. डबा उघडला की पहिला माझ्यापुढे करायच्या. "सर, शेंगदाण्याची चटणी घ्या ना, आईनं पाठवलीये." मी घ्यायचो. चटणी चांगली असायची, आणि तेही मला सहन होत नसे. मधल्या सुट्टीत त्यांच्या टेबलाभोवती मुलींचा घोळका असायचा. माझ्या टेबलाकडे मुलं वह्या ठेवायला यायची आणि ठेवून जायची.

त्या घोळक्यात एक मुलगी होती. आठवीत ती माझी होती. माझी म्हणजे, माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. तिच्या घरच्यांना कोसाडच्या वसाहतीत घर मिळालं होतं. तिथून ती दोन बस बदलून आमच्या शाळेत यायची, कारण तिकडच्या शाळेत मराठी नव्हतं. वडील लूमवर. आई घरी बसून साड्यांना टिक्या चिकटवायची, आणि संध्याकाळी मुलगीही. तिच्या वह्यांवर कधीकधी एखादी चमकी सापडायची. आठवीत ती रोज एक जास्तीचं पत्र लिहून मला दाखवायची, आणि मी तपासून दिलं की मागे न बघता पळायची. नववीत गेल्यावर जास्तीची वही नव्या मॅडमच्या टेबलावर जायला लागली. माझ्यासमोरूनच जायची. "सर, नमस्ते" म्हणायची आणि पुढे जायची. त्यात तिचं काय चुकलं? तिच्या विषयाच्या शिक्षिका त्या होत्या. पण त्या वहीला पाय फुटून ती दुसऱ्याच्या घरी राहायला गेल्यासारखं मला वाटायचं. पंचेचाळिशीच्या माणसाला एका वहीसाठी असं वाटावं, हे लिहितानाही लाज वाटते.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुट्टीनंतर दुसरी परीक्षा होती. परीक्षा विभाग माझ्याकडे, म्हणून सगळ्या नववीचा एक सरावाचा तास मी घेतला. खरं सांगायचं तर तो मागून घेतला. मला बघायचं होतं की सहा महिन्यांत माझं किती विसरलं गेलंय. रजेचा अर्ज लिहायला दिला. त्या मुलीनं सुंदर अर्ज लिहिला होता, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव.

मी तिला उभं केलं.

"हे काय आहे?"

"अर्ज, सर."

"कोणाचा?"

"माझा."

"तुझा? परीक्षेत तुझं काय असतं गं? ही काय अर्जपेटी आहे, वाटेल ते लिहून टाकायला? बोर्डाच्या पेपरात असं नाव लिहिलंस तर कॉपी केस होईल, माहीत आहे?"

वर्ग हसला. ते हसू मला हवं होतं. मी म्हणालो, "काय लिहायचं असतं?" आणि हात वर केला. कित्येक महिन्यांनी सगळा वर्ग ओरडला, "अ, ब, क!" ती मान खाली घालून उभी होती. मी तिचा एक गुण कापला आणि वर म्हणालो, "परीक्षेच्या बाबतीत माझं चालतं. बाकी कोणाचं नाही. लक्षात ठेवा."

हे वाक्य तिनं लक्षात ठेवलं. ते कसं, हे मला पुढे कळलं.

पुढच्या आठवड्यात नव्या मॅडमना पाच दिवसांच्या प्रशिक्षणासाठी गांधीनगरला जायला सांगितलं. जाताना त्या माझ्याकडे पेटीची किल्ली ठेवून गेल्या. खोक्याला त्यांनी एव्हाना छोटं कुलूपही लावलं होतं. "सर, रोज एकदा उघडाल ना? परीक्षा आहे, कोणाचा महत्त्वाचा अर्ज असला तर मोठ्या सरांकडे द्या. तुमच्याशिवाय कोणाला सांगणार?"

परीक्षेच्या रजेचा नियम मीच लिहिला होता. आधी लेखी अर्ज देऊन मुख्याध्यापकांची मंजुरी घेतली असेल तर चुकलेला पेपर पुन्हा घेतला जाईल. नाहीतर गैरहजर, शून्य. आधी मुलं लग्नासाठी गावाला जायची आणि परत आल्यावर कुठल्या तरी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायची. त्याला आळा घालायला हा नियम केला होता. नियम वाईट नव्हता.

परीक्षा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी पेटी उघडली. आत तीन कागद होते. दोन खालच्या वर्गातल्या मुलांचे. तिसरा वहीचं दुरेघी पान नीट फाडून, समास आखून लिहिलेला.

प्रति, माननीय मुख्याध्यापक. विषय : आईच्या ऑपरेशनसाठी चार दिवसांची रजा मिळणेबाबत. महोदय, मी आपल्या शाळेत इयत्ता नववीत शिकते. माझ्या आईच्या पित्ताशयात खडे झाले आहेत. तिला उद्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दाखल करणार आहेत. बायकांच्या वॉर्डात माझ्या वडिलांना थांबू देत नाहीत आणि आमच्या घरात दुसरी बाई नाही. तरी मला चार दिवसांची रजा मिळावी. या दिवसांत माझे गणित आणि विज्ञानाचे पेपर आहेत. परत आल्यावर ते देण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. मी अभ्यास केला आहे. आपली आज्ञाधारक, अ. ब. क.

पहिल्या क्षणी मला वाटलं की हा सरावाचा कागद आहे, चुकून पेटीत पडला. असं खरंच वाटलं. पण तो क्षण फार लहान होता. अक्षर मला पाठ होतं. तिचा 'र' डावीकडे जरा जास्त वाकतो. कागदाच्या कोपऱ्यात एक टिकी चिकटलेली होती. आणि सरावाच्या अर्जात कोणी गणित आणि विज्ञानाचे पेपर असं लिहीत नाही, आणि 'मी अभ्यास केला आहे' असं तर नाहीच.

मी तो कागद घेऊन टेबलाशी बसलो. करायचं काम दोन मिनिटांचं होतं. मोठ्या सरांच्या खोलीत जायचं आणि म्हणायचं, नाव लिहायला विसरली, पण ही तीच. मी उठलो नाही. मनात आलं ते असं : बघू दे सगळ्यांना. खरी पत्रं, खरी पत्रं म्हणून सहा महिने कौतुक चाललंय. खरी वेळ आली तेव्हा मुलीला नावसुद्धा लिहिता आलं नाही. हेच का तुमचं नवं शिकवणं? मोठ्या सरांचा चेहरा कसा होईल, नव्या मॅडम काय म्हणतील, याचं चित्र माझ्यासमोर इतकं स्पष्ट उभं राहिलं की त्यात सिव्हिलमधली ती बाई आणि तिच्या खाटेशी बसलेली मुलगी कुठेच नव्हती.

मग मी जे केलं ते कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मी लाल पेन उघडलं आणि तो अर्ज तपासला. दिनांक, बरोबर. प्रति, बरोबर. विषय, बरोबर. प्रत्येकापुढे खूण केली. अ. ब. क. पुढेही खूण केली. 'मी अभ्यास केला आहे' या वाक्याखाली रेघ मारून 'अनावश्यक' असं लिहिलं आणि अर्धा गुण कापला. पाचपैकी साडेचार. सरावाचा कागद आहे असं स्वतःला पटवायला मला तेवढं करावं लागलं. तो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि वर्गावर गेलो.

गणिताच्या पेपराला तिचा बाक रिकामा होता. विज्ञानाच्याही. हजेरीवर मीच 'गैरहजर' लिहिलं.

ती परत आली तोवर नव्या मॅडमही आल्या होत्या. दोघी मोठ्या सरांच्या खोलीत उभ्या होत्या, मला बोलावणं आलं. मुलगी सांगत होती, "सर, मी टाकला होता ना पेटीत. सकाळी लवकर येऊन टाकला. बस पकडायची होती म्हणून कोणाला सांगायला थांबले नाही."

मोठ्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. "पेटी तुम्ही उघडत होता. हिचा अर्ज आला होता?"

"असा कुठलाही अर्ज आला नाही," मी म्हणालो.

आवाज अगदी नेहमीचा होता.

नव्या मॅडम म्हणाल्या, "सर, ही खोटं बोलणारी मुलगी नाही. हॉस्पिटलचे कागद आहेत तिच्याकडे. आई अजून अंथरुणावर आहे."

"मला कळतंय हो," मोठे सर म्हणाले, "पण मागच्या परीक्षेत तिघांना याच नियमानं शून्य दिलंय. त्यांचे पालक उद्या दारात येतील. परीक्षेचं तुम्ही बघता, तुम्हीच सांगा काय करायचं."

"नियम सगळ्यांना सारखा, सर."

नव्या मॅडम म्हणाल्या, "मग चूक माझी आहे. पेटी माझी. खोक्याची फट मोठी आहे, कागद बाहेर पडला असेल. मी अर्ज घ्यायला कोणी माणूस ठेवायला हवा होता." आणि त्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "मला माफ कर गं."

मी सहा-सात महिने ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो हाच होता. नव्या मॅडम सगळ्यांदेखत हरल्या होत्या. मला बरं वाटलं का? वाटलं. लपवण्यात अर्थ नाही. व्हरांड्यात येईपर्यंत बरं वाटत होतं.

मुलगी माझ्यामागून आली. "सर," ती म्हणाली, "आता काहीच नाही का होणार?"

मी घाईत होतो, आणि आतून कुठेतरी चिडलेलोही. म्हणालो, "अर्ज लिहिताना डोकं ठिकाणावर ठेवायचं. खाली अ. ब. क. लिहून कोण कोणाला रजा देईल?"

ती थांबली. मीही थांबलो. खाली काय लिहिलं होतं ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. मोठ्या सरांच्या खोलीत फक्त अर्ज टाकला, एवढंच म्हणाली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. गणितात उत्तर चुकलं की मुलं वरच्या ओळी पुन्हा पाहतात, तसं पाहिलं. मग "हो सर" म्हणाली आणि वर्गात गेली.

मी वाट पाहिली. आज सांगेल, उद्या सांगेल. नव्या मॅडमना सांगेल, आईला सांगेल. तिनं कोणालाही सांगितलं नाही. मी वर्गावरून जाताना ती "सर, नमस्ते" म्हणायची, पूर्वीसारखीच. नव्या मॅडमनी साडीचा खोका उचलून कपाटामागे ठेवला. घोळका होता, पण त्या कमी हसायच्या. डबा मात्र माझ्यापुढे करायच्या. मी पोट ठीक नाही असं सांगू लागलो.

निकालाची पत्रकं वाटल्यानंतर चार दिवसांनी मुलीचे वडील आले. नव्या मॅडम वर्गावर होत्या, म्हणून ऑफिसमधून त्यांना माझ्याकडे पाठवलं. पायात स्लीपर, शर्टाच्या बाहीवर सुताचे तंतू. खुर्चीवर बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

"सर, पोरगीचा दाखला पाहिजे व्हता."

"का? कुठे घालताय?"

"कुठं घालतो? घरीच बसाडतो आता. दोन पेपरमा शून्य शे. नापास होईल तर दोन बस बदलीसन इकडं यायचं कशाले? तिच्या मायले आता वाकता येत नही. टिक्यांचं काम ती करी ली." मग त्यांना वाटलं की आपण जास्तच गावाकडचं बोललो, म्हणून सावरून म्हणाले, "मी तिला म्हटलं सर, अर्ज द्यायचा ना. तर ती म्हणते, दिला होता, मीच चुकीचा लिहिला."

"ती असं म्हणाली?"

"हा. म्हणे सरांनी शिकवलेलं मी उलटं केलं. तुमचं लई नाव घेते सर ती. आठवीपासून."

मला वाटलं, या माणसानं मला मारावं. तो हात जोडून उभा होता. मी म्हणालो, "दाखला आज मिळणार नाही. दोन दिवस थांबा. माझ्यावर विश्वास ठेवा." शेवटचं वाक्य तोंडातून निघालं आणि मला ते परत घ्यावंसं वाटलं.

ते गेल्यावर मी ड्रॉवर उघडला. अर्ज तिथेच होता, साडेचार गुणांसह. मी एक कोरा कागद घेतला. मोठ्या सरांच्या खोलीत जाऊन सरळ सांगता आलं असतं, पण माझी जीभ मला माहीत होती. बोलायला लागलो असतो तर 'लक्षात आलं नाही', 'गैरसमज झाला' असं काहीतरी घुसवलं असतं. अर्जात मात्र मला पळता येत नाही. विषय एका ओळीत लिहावा लागतो.

दिनांक लिहिला. प्रति लिहिलं. विषय लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी लिहिलं, 'विद्यार्थिनीचा रजेचा अर्ज दडवून ठेवल्याबाबत.' खाली मजकूर : अर्ज मला कोणत्या दिवशी मिळाला, तो कोणाचा आहे हे मी ओळखले होते, तरीही आपणास नाही असे सांगितले, कारण नववीचा वर्ग मला न मिळता नव्या मॅडमना मिळाला याचा मला मत्सर होता आणि त्यांची पद्धत फसावी असे मला वाटत होते, खाली अ. ब. क. लिहिण्याची सवय त्यांनी नव्हे, मी लावली आहे; तरी सदर विद्यार्थिनीचे दोन्ही पेपर पुन्हा घ्यावेत आणि माझ्यावर योग्य ती कारवाई करावी, ही विनंती. सोबत : मूळ अर्ज. 'आपला आज्ञाधारक' लिहिलं आणि खाली माझं पूर्ण नाव.

मोठ्या सरांनी कागद घेतला. "रजा पाहिजे का?"

"वाचा सर."

त्यांनी वाचलं. मग दुसरा कागद वाचला, माझ्या लाल खुणांचा. चष्मा काढला. बाहेर प्राथमिकच्या मुलांची कवायत चालली होती.

"आराखडा बरोबर आहे तुमचा," ते म्हणाले. "त्यात कधी चूक नसतेच."

मी उभा राहिलो.

"हे 'अनावश्यक' तुम्ही लिहिलंत?"

"हो सर."

"अख्ख्या अर्जात मला तेवढं एकच वाक्य दिसतंय." त्यांनी हिरवं पेन उघडलं, मुलीच्या अर्जावर 'मंजूर' लिहिलं आणि आजची तारीख घातली. माझ्या अर्जावर काही लिहिलं नाही. म्हणाले, "परीक्षा विभाग आजपासून गणिताच्या बाई बघतील. पुढचं ट्रस्ट ठरवेल. मुलीला आणि मॅडमना काय सांगायचं ते मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही सांगा."

नव्या मॅडमना मी स्टाफरूममध्ये सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि पहिल्यांदाच चिडल्या. "सर, मी तिची माफी मागितली हो. तुमच्यासमोर. तुम्ही ऐकत उभे होतात." एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या. डबा उघडाच राहिला. त्या अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्यांच्याकडून मी याहून जास्त अपेक्षा करत नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ग्रंथालयात मुलीचा गणिताचा पेपर घेतला, आणि लगेच नंतर विज्ञानाचा. सुपरव्हिजन नव्या मॅडमची होती. मी बाहेर बाकावर बसलो होतो. दुसरा पेपर संपवून ती बाहेर आली, बोटांना शाई लागलेली. मॅडम दारात उभ्या राहिल्या.

"कसा गेला?" मी विचारलं.

"चांगला, सर." मग जरा थांबून म्हणाली, "मी नाव लिहिणार होते सर अर्जावर. लिहिलंही होतं. मग वाटलं, पेपरचं तुमच्याकडे असतं. तुम्हाला आवडणार नाही. म्हणून नवीन पान घेतलं."

तो अर्ज तिनं माझ्यासाठी तसा लिहिला होता. मला राग येऊ नये म्हणून.

मी उठून उभा राहिलो. काय बोलायचं ते घरून ठरवून आलो होतो, चांगली वाक्यं होती. त्यातलं एकही वापरलं नाही.

"तुझा अर्ज मला मिळाला होता," मी म्हणालो. "तो तुझा आहे हे मला वाचताक्षणी कळलं होतं. तरी मी तो लपवला आणि खोटं बोललो. तू काहीच चुकीचं लिहिलं नव्हतंस. मी तुला तसं लिहायला शिकवलं, आणि तसं लिहिलंस म्हणून तुलाच बोललो. तुझे बाबा आले की हे सगळं मी त्यांनाही सांगणार आहे. मॅडमचीही काही चूक नव्हती. चूक फक्त माझी होती. मला माफ कर, बाळा."